क ते म : विलापगीताचा पहिला अध्याय मराठीत आणताना

पहिला मसुदा वाचून झाल्यावर सरांनी एकच प्रश्न विचारला. "या अध्यायात बावीसच कडवी का आहेत, हे तुमचं मराठी ऐकून कुणाला कळेल?"

कुणालाच कळलं नसतं. मसुदा वाईट नव्हता. अर्थ बरोबर होता, भाषा वाहती होती. पण मूळ हिब्रू कविता ज्या सांगाड्यावर उभी आहे, तो त्यात कुठेच नव्हता.

आम्ही तिघे होतो. हिब्रू जाणणारे सर, मराठीचा कान असलेल्या एक ताई आणि मसुदे लिहिणारा मी. काम होतं बायबलमधल्या विलापगीताचं मोठ्याने वाचता येईल असं भाषांतर. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला भाराभर टिपा अशी अभ्यासाची आवृत्ती नको होती. ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नसेल हे धरूनच चाललो होतो आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका अटीने ठरवले.

आधी मुळात काय आहे ते सांगतो. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं. त्या नाशावरच्या पाच कविता म्हणजे विलापगीत. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं आहेत. पहिल्या अध्यायातलं पहिलं कडवं आलेफने सुरू होतं, दुसरं बेथने, तिसरं गिमेलने, आणि असं करत बाविसावं तावने. दुसरा आणि चौथा अध्याय याच पद्धतीचे. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून 66. पाचव्यात कडवी पुन्हा 22 आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला आहे. या रचनेला इंग्रजीतून आलेला शब्द ॲक्रॉस्टिक. आम्ही आपसात 'अक्षरमाळ' म्हणत होतो.

कवीने हे का केलं असावं, यावर दोन मतं नेहमी मांडली जातात. एक, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत म्हणजे दुःख सगळंच्या सगळं, काही न सोडता. दुसरं, आक्रोशाला बांध. रडणं अनावर आहे, पण बावीस पायऱ्या उतरून झाल्यावर कविता थांबते. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण पाचव्या अध्यायात तो बांध फुटलेला दिसतो. अर्थात बांध होता हेच ज्याला ऐकू आलेलं नाही, त्याला तो फुटल्याचंही ऐकू येणार नाही.

टीप आणि मथळा

सर्वांत सोपा मार्ग तळटिपेचा. 'मूळ हिब्रूत प्रत्येक कडवे वर्णमालेतील पुढच्या अक्षराने सुरू होते.' एवढ्या वाक्यात माहिती पोचते आणि ज्याला अर्थाशी तडजोड नको त्याने हेच करावं, यात कमीपणा काही नाही. पण तळटीप ऐकू येत नाही. आमच्या अटीत ती बसली नाही.

दुसरा मार्ग फार जुना आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात कडव्यांच्या आधी हिब्रू अक्षरांची नावं लिहिलेली आढळतात. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही आलेफ, बेथ, गिमेल अशी नावं आहेत. पुढे चर्चमधल्या गायनात ही नावं कडव्यांसोबत गायली जाऊ लागली. सोळाव्या शतकात पॅलेस्ट्रिना आणि टॅलिस यांनी विलापगीताला चाली दिल्या तेव्हा ज्यांना काही अर्थ नाही अशा या अक्षरनावांवरच सर्वांत तलम स्वररचना बांधल्या. हे मला फार आवडतं. भाषांतरात निरर्थक उरलेली वस्तू संगीतात सुंदर झाली.

आम्ही हा मार्ग वाचून पाहिला. "आलेफ. कशी एकटी बसली ही नगरी." ताई म्हणाल्या, "दारावर पाटी एकाची आणि घरात राहतो दुसराच." नाव आलेफचं आणि शब्द सुरू होतो 'क'ने. ज्याला हिब्रू येत नाही त्याला आलेफ हे अक्षर आहे की गाव, हेही कळत नाही. गाता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आम्हाला फक्त वाचायचं होतं.

उरला तिसरा मार्ग, आपल्याच वर्णमालेत माळ नव्याने ओवायचा. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्स यांनी 1940 च्या दशकात हे केलं आहे, तेव्हा अशक्य नाही एवढं माहीत होतं.

बावीस अक्षरं कोणती?

पहिले दोन दिवस आम्ही चुकीच्या यादीवर घालवले. मराठीत 'अ पासून ज्ञ पर्यंत' म्हणजे सगळं, म्हणून माळ 'अ'ने सुरू व्हावी आणि 'ज्ञ'ने संपावी असं ठरवलं. मधली वीस अक्षरं सोयीने निवडायची होती. ऋ, ऐ, औ, ष ही अवघड म्हणून गाळली, आणखी काही गाळली. कागदावर यादी छान दिसत होती. पण मोठ्याने वाचलं की काहीच ऐकू येईना. अ, आ, इ, उ, मग एकदम क, मग ग, मग च. ऐकणाऱ्याला पुढचं अक्षर कोणतं हे आधी कळत नाही आणि ते कळलं नाही तर क्रम आहे हेच कळत नाही. अक्षरमाळेत पुढच्या अक्षराची वाट पाहणं असतं. गाळलेल्या अक्षरांनी ते वाट पाहणंच मारलं.

मग सर वर्णमालेच्या तक्त्यावर बोट ठेवत मोजू लागले. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग. पाचांच्या पाच ओळी, पंचवीस व्यंजनं. त्यांतल्या ङ, ञ आणि ण यांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. पंचविसातून तीन गेले, बावीस उरले. क, ख, ग, घ. च, छ, ज, झ. ट, ठ, ड, ढ. त, थ, द, ध, न. प, फ, ब, भ, म. एकही अक्षर मनाने गाळलेलं नाही आणि हा क्रम शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे.

यात एक खोट आहे आणि ती आम्ही लपवली नाही. माळ 'म'वर थांबते. पुढे य, र, ल, व पासून ज्ञ पर्यंत अक्षरं उरतात. म्हणजे 'अथपासून इतिपर्यंत' हा अर्थ पुरता येत नाही. व्याकरणात क ते म हा स्पर्श व्यंजनांचा स्वतंत्र, पूर्ण गट आहे खरा, पण ऐकणारा व्याकरण घेऊन बसत नाही. आमच्यापुढे निवड अशी होती: पूर्णतेचा अर्थ सांगणारी पण ऐकू न येणारी माळ, की ऐकू येणारी पण थोडी आखूड माळ. आम्ही ऐकू येणारी घेतली. उरलेली अक्षरं म्हणजे 'दुःख अजून संपलेलं नाही' असा अर्थ काढायचा मोह मला झाला होता. सरांनी तो टिपेतून खोडला. तो कवीचा अर्थ नाही, आमच्या हिशोबातली शिल्लक आहे.

कडव्यामागून कडवं

पहिलंच कडवं हातात आयतं आलं. हिब्रूतला पहिला शब्द 'एखा', म्हणजे कसं, कशी. शोकगीताची ती ठरलेली हाक. मराठीत तो शब्द 'क'नेच सुरू होतो.

कशी एकटी बसली ही नगरी, माणसांनी गजबजलेली! राष्ट्रांत जी मोठी, ती विधवेसारखी झाली. प्रांतांची राणी होती, ती वेठीला लागली.

दुसऱ्यात ती रात्रभर रडते, गालांवर अश्रू आहेत. 'ख' पाहून मी हात टेकले होते. ताईंनी क्षणात ओळ दिली: "खळ नाही तिच्या रडण्याला." पावसाला खळ नाही म्हणतो तसंच. हिब्रूत इथे एकच धातू दोनदा येऊन 'रडतच राहते' असा जोर येतो. आमच्या पहिल्या मसुद्यात 'ती फार रडते' असं मिळमिळीत वाक्य होतं. म्हणजे अक्षराच्या सक्तीने अर्थ बिघडला नाहीच, उलट मुळाच्या जवळ गेला. हे पुढे आणखी चार-पाच वेळा घडलं. सक्ती नसती तर आम्ही पहिल्या सुचलेल्या शब्दावर थांबलो असतो.

तिसरं: यहूदा बंदिवासात गेली. हिब्रूत 'गाल्ता', मराठीत 'गेली'. गिमेलच्या जागी ग आणि अर्थही जवळपास तोच. याचं श्रेय कुणालाच नाही.

चौथ्यापाशी गाडी अडली. 'सियोनेच्या वाटा शोक करतात, कारण सणाला कोणी येत नाही.' सियोन म्हणजे यरुशलेमच. हिब्रूत पहिला शब्द वाटा. आमच्याकडे अक्षर 'घ'. मी लिहिलं, "घोर लागला सियोनेच्या वाटांना." सर म्हणाले, घोर लागतो तो पुढे काय होईल याचा; इथे जे व्हायचं ते होऊन गेलंय, हे सुतक आहे. ओळ गेली. शेवटी कडव्याच्या आतलाच दुसरा भाग पुढे घेतला: "घोळके येईनात सणाला, म्हणून सियोनेच्या वाटा शोकात आहेत." अर्थ सगळा आला, पण किंमत मोजावी लागली. मुळात आधी वाटा रडताना दिसतात आणि मग कारण कळतं. आमच्याकडे कारण आधी आलं, त्यामुळे चित्राचा धक्का थोडा बोथट झाला.

अशी अदलाबदल कडव्याच्या आत चालेल, कडव्याबाहेर नाही, हा नियम आम्ही इथे केला. एका कडव्यातली प्रतिमा दुसऱ्यात न्यायची नाही आणि कडव्यात नसलेली गोष्ट अक्षरासाठी आत आणायची नाही.

पाचवं सर्वांत फसवं निघालं. 'तिचे वैरी शिर झाले आहेत.' अक्षर 'च'. माझ्या हातून लगेच उतरलं: "चढले वैरी तिच्या डोक्यावर." डोकं आलं, वैरी आले, अक्षर आलं. मी खूश. ताई हसू लागल्या. डोक्यावर चढतात ती लाडावलेली मुलं. विलापाच्या मध्यावर कुणाला हसू आलं तर सगळंच गेलं. शिवाय 'शिर' हा शब्द इथे सहज आलेला नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात शाप आहे की परका शिर होईल आणि तू शेपूट. ऐकणाऱ्याला तो शाप खरा झालेला ऐकू यायला हवा, म्हणून 'शिर' हा शब्द जसाच्या तसा टिकवणं भाग होतं. अंतिम ओळ: "चलती आहे तिच्या वैऱ्यांची, शत्रू शिर झाले." पुढच्या भागातला 'वैरी सुखात आहेत' हा अर्थ आधी घेतला, एवढंच.

यातून एक तपासणी पक्की झाली. अक्षरासाठी निवडलेला शब्द वाक्यात बसवून झाला की तो ज्या वाक्प्रचाराचा भाग होऊन बसतो, तो वाक्प्रचार वेगळा काढून पाहायचा. नवव्या कडव्यात 'तिने आपल्या शेवटाचा विचार केला नाही' असं आहे. 'ट' हवा होता म्हणून मी शेवटाला टोक केलं. "टोकाचा विचार केला नाही तिने." हे वाक्य मराठीत काय सांगतं ते वाचकाला कळलंच असेल. शब्दाशब्दाने बरोबर आणि सगळं मिळून भयंकर. नववं कडवं अजूनही आमच्या मनासारखं नाही.

सहाव्याला 'छ'. 'सियोनकन्येचं सगळं वैभव निघून गेलं.' पहिला मोह 'छत्र हरपले' हा. ऐकायला भरदार, पण छत्र हरपतं ते आई-वडिलांचं किंवा पालनकर्त्याचं. इथे गेलंय ते तेज. मग "छटाही उरली नाही सियोनकन्येच्या वैभवाची" असं केलं. ठीक आहे, उत्तम नाही. पण या कडव्यापाशी मूळ कवीनेही तडजोड केली आहे, हे सरांनी दाखवलं तेव्हा बरं वाटलं. सहावं अक्षर वाव. हिब्रूत वावने सुरू होणारे शब्द जवळपास नाहीतच, म्हणून कवीने सरळ 'आणि' जोडून 'आणि निघून गेलं' असं सुरू केलंय. तिसऱ्या अध्यायात वावच्या तिन्ही ओळी 'आणि'नेच सुरू होतात. त्यानंतर तेराव्या कडव्याला मी 'त्याने' या साध्या सर्वनामाने सुरुवात केली, तेव्हा मनाला टोचणी लागली नाही.

आठवं मला सर्वांत जास्त आवडतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. 'यरुशलेमेने घोर पाप केलं, म्हणून ती अमंगळ झाली. तिला मान देणारे सगळे तिला तुच्छ मानतात, कारण त्यांनी तिची नग्नता पाहिली.' अक्षर 'झ'. सोपी ओळ होती: "झाले तिच्या हातून पाप." पण 'हातून झाले' म्हटलं की पाप अपघात होतो. हिब्रूत तिनेच केलंय, तेही 'पाप पापली' अशा दुहेरी जोराने. दुसरा पर्याय "झिडकारतात तिला, जे मान देत होते." यात क्रम उलटतो, शिक्षा आधी आणि गुन्हा नंतर. चौथ्या कडव्यात असा बदल चालला होता. इथे चालत नाही, कारण आधी पाप आणि म्हणून अपमान हाच या कडव्याचा मुद्दा आहे. मग ताईंनी नग्नतेकडे बोट दाखवलं. उघडं पडण्याची प्रतिमा कडव्यातच आहे, तर तिथून शब्द घ्या. "झाकता येईना असे पाप यरुशलेमेने केले." 'झाकता येईना' मुळात नाही, पण त्याचं बी त्याच कडव्यात आहे. सर दोन दिवस गप्प होते, मग हो म्हणाले. आमच्या नियमाची ही सर्वांत ताणलेली जागा. कुणी इथे आक्षेप घेतला तर मी भांडणार नाही.

टवर्गाची मला सुरुवातीपासून धास्ती होती. ट, ठ, ड, ढ यांचे शब्द बोलीतले, रांगडे. धर्मग्रंथाच्या भाषेत ते शोभतील का, ही शंका. झालं उलटंच. दहाव्यात 'तिच्या सर्व मोलाच्या वस्तूंवर वैऱ्याने हात टाकला' असं आहे, तिथे 'ठेवा' हा शब्द जणू वाट पाहत होता: "ठेवा तिचा सगळा, त्यावर वैऱ्याने हात टाकला." अकराव्यात लोक मोलाच्या वस्तू देऊन अन्न घेतात: "डागदागिने देऊन अन्न घेतात, जीव तगवायला." आणि बाराव्यात, जिथून नगरी स्वतः बोलू लागते, तिथे हिब्रू शब्द आहेत 'लो अलेखेम', शब्दशः 'तुम्हाला नाही'. हा प्रश्न आहे की आणखी काही, यावर विद्वानांत एकमत नाही. बहुतेक भाषांतरं 'तुम्हाला याचं काहीच नाही का?' असं करतात आणि पुढे 'पाहा, लक्ष द्या' येतं. मराठीत:

ढुंकूनही पाहणार नाही का, वाटेने जाणाऱ्यांनो? माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का, बघा तरी.

'ढ'ने सुरू होणारा इतका नेमका शब्द मी शोधून काढला असता असं वाटत नाही. अक्षराने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

जे आलंच नाही

योद या अक्षराचं नाव हिब्रूतल्या 'याद', म्हणजे हात, याच्याशी जुळतं. योदचं दहावं कडवं 'यादो', त्याचा हात, या शब्दाने सुरू होतं. आयिन म्हणजे डोळा. आयिनच्या सोळाव्या कडव्यात नगरी म्हणते, 'एनी, एनी', माझा डोळा, माझा डोळा, पाण्याने वाहतो. अक्षर, त्याचं नाव आणि कडव्यातली प्रतिमा तिन्ही एकमेकांत गुंतलेली. आपल्या अक्षरांना अशी नावंच नाहीत. ध म्हणजे ध. सोळाव्याला "धारा लागल्या डोळ्यांना" ही ओळ सुरेख आली, डोळेही आले, पण श्लेष गेला तो गेला. तो वाचवायची धडपड आम्ही केली नाही.

आयिनचीच आणखी एक गंमत. पहिल्या अध्यायात आयिन आधी, मग पे, हा आजचा क्रम आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात पे आधी आणि आयिन नंतर येतं. ही नकलनवीसाची चूक वाटू शकते, पण सिनाय द्वीपकल्पातल्या कुंतिलेत अजरूद या प्राचीन ठिकाणी सापडलेल्या जुन्या अक्षरमालांतही पे आयिनच्या आधी आहे. म्हणजे त्या काळी दोन क्रम चालत होते. मराठीत हे दाखवायला दुसऱ्या अध्यायात 'ध'च्या आधी 'न' आणावा, असं मी सुचवलं होतं. सर म्हणाले, "लोक म्हणतील, यांना मुळाक्षरं येत नाहीत." खरंच आहे. मराठीत दोन क्रम कधी नव्हतेच. आपल्याकडे तो फरक फक्त चूक म्हणूनच ऐकू आला असता.

ध्रुवपद आणि माळ

एक भांडण उशिरा लक्षात आलं. 'तिचे सांत्वन करणारा कोणी नाही' हे वाक्य किंवा त्याचंच किंचित बदललेलं रूप या अध्यायात पाचदा येतं: 2, 9, 16, 17 आणि 21 या कडव्यांत. ते या कवितेचं ध्रुवपद आहे. सतराव्याला 'न' असल्याने मी ते वाक्य उचलून सुरुवातीला टाकलं, "नाही कोणी सांत्वन करणारे," आणि इतर चार ठिकाणी मात्र 'धीर देणारा', 'समजूत काढणारा' असं वेगवेगळं राहून गेलं होतं. माळ ओवताना नजर फक्त पहिल्या शब्दावर राहते आणि पुनरावृत्ती नकळत तुटते. मग पाचही ठिकाणी 'सांत्वन करणारे कोणी नाही' हेच शब्द ठेवले आणि सतराव्यात फक्त 'नाही' पुढे आणला.

तसंच 'बघ' या शब्दाचं. विसाव्याला 'ब' आणि हिब्रूत पहिला शब्द 'रेए', पाहा. "बघ, परमेश्वरा, मी संकटात आहे." छान जमलं. पण हीच हाक नवव्या आणि अकराव्या कडव्याच्या शेवटी येऊन गेलेली आहे आणि तिथे आम्ही 'पाहा, हे परमेश्वरा' असं भारदस्त लिहिलं होतं. एकाच बाईच्या तोंडी दोन भाषा. तिन्हीकडे 'बघ' केलं. त्यामुळे सगळ्या प्रार्थनेचा सूर आर्जवाचा, जवळचा झाला. तो मुळात तसाच आहे का, याबद्दल सर आणि ताई यांचं अजून एकमत नाही. माझं मत ताईंच्या बाजूचं.

ऐकणाऱ्यांना काय ऐकू आलं

बावीस कडवी पुरी झाल्यावर हिशोब मांडला. चौदा कडव्यांत मुळातला पहिला विचार मराठीतही पहिलाच राहिला होता. चौथं, पाचवं, अकरावं, चौदावं, पंधरावं, सतरावं, एकोणिसावं आणि बाविसावं या आठांत कडव्याच्या आतच भाग पुढे-मागे झाले होते. एकोणिसावं त्यांतलं सर्वांत निरुपद्रवी: 'मी प्रियकरांना हाक मारली, त्यांनी मला फसवलं' याचं "फसवले मला प्रियकरांनी, ज्यांना मी हाक मारली." कडव्याबाहेरून काही आणलं नव्हतं.

मग काही जणांना बोलावून, आधी काहीही न सांगता, अध्याय वाचून दाखवला. चार कडव्यांतच एकाने मान वर केली. क, ख, ग, घ त्याला कळलं होतं. आम्ही मनात आनंदलो. पण नंतर तो म्हणाला, "मला एकदम 'क कमळाचा' आठवलं."

हा धोका आमच्या लक्षातच आला नव्हता. माळ जितकी स्पष्ट ऐकू येते, तितकी ती अंकलिपीसारखी वाटते. नगरी जळते आहे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्रांचा तक्ता. हिब्रू ऐकणाऱ्यालाही असं काही आठवत असेल का, कोण जाणे. आपल्याकडे मात्र ते नक्की आठवतं.

ताईंनी त्यावरचा उपाय अंकलिपीतच शोधला. तक्त्यावरचे शब्द सगळे नामं असतात: कमळ, खटारा, गवत. कडवं नामाने सुरू झालं की तक्ता आठवतो. क्रियापदाने, नकाराने किंवा प्रश्नाने सुरू झालं की नाही. मूळ कवितेकडे पाहिलं तर बाविसांपैकी बारा कडवी क्रियापदानेच सुरू होतात. म्हणजे उपाय मुळाशी धरूनच होता. 'कशी', 'खळ नाही', 'गेली' ठीक होते. 'घोळके' हे नाम, ते बदलून पाहिलं, जमलं नाही, ठेवलं. बाविसाव्याला माझी ओळ 'मन खचले माझे' अशी सुरू होत होती. ती शेवटचा भाग पुढे आणत होती आणि वर नामही होतं. तिथे मुळाच्याच क्रमाने "मांडली जावो त्यांची सगळी दुष्टाई तुझ्यापुढे" असं केलं. छपाईत पहिलं अक्षर ठळक किंवा मोठं करायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. ठळक केलं की तक्ता पुन्हा उभा राहतो.

पुढच्या वाचनात अक्षरमाळ थोडी उशिरा, चवर्गात, लोकांच्या कानी आली. कमळ कुणी काढलं नाही.

पुढचं

पहिला अध्याय माळेत आणला म्हणजे पुढचे तीनही आणावे लागतात, नाहीतर पाचव्यातलं मोडणं कळणार नाही. पाचव्यात उरलेली य, र, ल, व वापरून माळ पुढे न्यावी, असं एका ऐकणाऱ्याने उत्साहाने सुचवलं. नाही. तिथे बावीस कडवी आहेत, माळ नाही, आणि मराठीतही तसंच राहील.

सध्या तिसरा अध्याय चालू आहे. प्रत्येक अक्षराच्या तीन ओळी. 'थ'च्या तीन ओळी म्हणजे 40, 41 आणि 42. पहिली सहज आली: "थांबून शोधू, तपासू आपल्या वाटा." दुसरीत हृदय आणि हात देवाकडे उचलायचे आहेत. "थरथरते हात" असं मी लिहिलंय, पण थरथर मुळात नाही आणि सरांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. तिसरी, 'आम्ही अपराध केला, बंड केलं; तू क्षमा केली नाहीस', तिच्यापुढे "थोडके नव्हेत" एवढेच दोन शब्द आहेत आणि मग प्रश्नचिन्ह.